सावली दुप्पट असताना: ग्लासभर पाण्यातून जमिनीवर इंद्रधनुष्य उतरवण्याची रीत

शाळा साडेदहाला भरते. परिपाठ होतो, हजेरी होते, आणि अकराच्या सुमाराला खिडकीत पाण्याचा ग्लास ठेवून खाली पांढरा कागद अंथरला जातो. मुलं कागदाभोवती गोळा होतात, पण कागदावर काही पडत नाही. फार तर उंबरठ्याइतक्या लांब एक चकचकीत पांढरा डाग हलत राहतो. मग ग्लास बदलतात, पाणी बदलतात, शेवटी मोबाइलवर इंद्रधनुष्याचं चित्र दाखवून विषय संपवतात. खरं तर ग्लास आणि पाणी बहुतेक वेळा ठीकच असतं, वेळ चुकलेली असते. सरळ उभ्या ग्लासातून अकरा वाजता रंग निघतच नाहीत, कारण तोवर सूर्य फार वर आलेला असतो. म्हणून आधी सूर्याचं बघू, सामानाचं नंतर.

सूर्य किती वर चालेल

या प्रयोगात उन्हाची वाट ठरलेली आहे. ऊन ग्लासातल्या पाण्याच्या वरच्या सपाट पृष्ठभागातून आत शिरतं, तिथे वाकतं, तिरकं खाली जातं आणि समोरच्या उभ्या काचेतून बाहेर पडतं. बाहेर पडताना ते दुसऱ्यांदा वाकतं आणि जवळजवळ सरळ खाली, जमिनीकडे जातं. म्हणजे पाण्याचा वरचा पृष्ठभाग आणि ग्लासची उभी बाजू या दोघांचा मिळून एक लोलक तयार होतो. काचेचा लोलक घरात नसतो, पण हा पाण्याचा लोलक कोणत्याही घरात असतो.

अडचण दुसऱ्या वळणावर येते. पाण्यातून हवेत बाहेर पडणारं ऊन काचेच्या बाजूवर फार तिरकं आपटलं, तर ते बाहेर पडतच नाही, सगळंच्या सगळं आत परावर्तित होतं. सूर्य जितका वर, तितकं पाण्यातलं ऊन उभं, आणि तितकं ते बाजूच्या काचेला घासून जाणारं. सूर्य क्षितिजापासून साधारण २६ अंशांच्या वर गेला की आधी जांभळा रंग अडकतो. मग निळा, हिरवा, पिवळा असे एकेक रंग जातात आणि साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास शेवटचा लालही जातो. त्यानंतर सरळ बाजूच्या ग्लासातून या वाटेने काहीही येत नाही.

अंश मोजायला कुणाकडे यंत्र नसतं, आणि त्याची गरजही नाही. सावली मोजा. सपाट जमिनीवर फूटपट्टी उभी धरली आणि तिची सावली पट्टीच्या लांबीच्या बरोबर दुप्पट पडली, तर सूर्य साडेसव्वीस अंशांवर आहे. म्हणजे नियम सोपा आहे: सावली उंचीच्या दुपटीहून लांब असेल तर सगळे रंग मिळतात, दुप्पट झाली की जांभळा जायला लागतो. ३० सेंटिमीटरच्या पट्टीची सावली ७० ते ११० सेंटिमीटर असताना काम सर्वांत छान होतं. सावली दीड मीटरच्याही पुढे असेल तर सूर्य अगदी खाली असतो. रंग तेव्हाही पडतात, पण उन्हात तेज नसतं आणि हिवाळ्यात धुकं, एरवी धूळ आड येते. शिवाय शेजारची भिंत किंवा दारातलं लिंबाचं झाड तेवढं खालचं ऊन येऊच देत नाही.

घड्याळात सांगायचं तर सूर्योदयानंतर पाऊण तासापासून पावणेदोन तासांपर्यंत, थंडीच्या दिवसांत दोन तासांपर्यंत. संध्याकाळी हेच उलटं, मावळतीच्या आधी. मराठवाड्यात मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास वर येतो, म्हणजे साडेसात-पावणेआठला खेळ संपला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परभणीला सूर्य सातच्या पाच-दहा मिनिटं आधी उगवतो, तिथे नऊपर्यंत वेळ मिळतो. संध्याकाळी पावणेचार ते पाच, म्हणजे शाळा सुटण्याच्या आसपास, पश्चिमेच्या खिडकीतून तोच खेळ पुन्हा करता येतो. आमच्या मते बालवाडीसाठी थंडीतली सकाळच बरी. आभाळ निरभ्र असतं आणि मुलं तशीही ऊन खायला बाहेर बसलेली असतात.

काय काय लागेल

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत पाणी प्यायला स्टीलचे ग्लास असतात, म्हणून एक काचेचा मुद्दाम बाजूला काढून ठेवावा लागतो. पातळ काचेचा, गुळगुळीत, सरळ बाजूंचा, ज्यावर फुलं, रेघा किंवा छपाई नाही असा. तोंड सहा-सात सेंटिमीटर आणि उंची दहा ते बारा सेंटिमीटर असली की पुरे, त्यात पाव ते अर्धा लिटर पाणी मावतं. कटिंग चहाच्या ग्लासला उभ्या धारा असतात. प्रत्येक धार ऊन वेगळ्या दिशेला फेकते आणि रंगांऐवजी नुसत्या चकाकणाऱ्या रेघा दिसतात, म्हणून तो नको. गळ्याशी अरुंद होणारी लोणच्याची बरणीही नको, कारण वरून येणारं ऊन गळ्यातच अडतं.

काचेची भीती वाटत असेल तर सपाट भिंतींचा चौकोनी, पूर्ण पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. गोल ग्लासातून निघालेले रंग पंख्यासारखे पसरून कमान होते. चौकोनी डब्यातून ते सरळ पट्टा म्हणून पडतात आणि पसरत नसल्यामुळे जास्त उजळ दिसतात. लहान मुलांना कमान बघून ‘इंद्रधनुष्य!’ म्हणायला आवडतं, रंग ओळखायला मात्र पट्टा सोपा जातो. दोन्ही हाताशी असतील तर दोन्ही दाखवा.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं आणि ग्लासला आतून पांढरट थर धरतो. तो थर ऊन विखुरतो आणि रंग दुधाळ दिसतात. अर्ध्या लिंबाने ग्लास आतून-बाहेरून चोळा, धुवा आणि सुती कापडाने कोरडा पुसा. दुसरं, पाणी नळातून जोरात भरलं तर काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटतात. पाणी दहा मिनिटं तसंच राहू द्या, बोटाने बुडबुडे निपटून काढा. माठातलं किंवा फ्रिजमधलं थंड पाणी घेऊ नका. ग्लासला बाहेरून दव धरलं की रंग गेलेच.

बाकी सामान म्हणजे दोन पांढऱ्या ड्रॉइंग शीट (चकचकीत कागद नको), शिसपेन्सिल, रंगीत खडू, फूटपट्टी, एक जाडसर पुठ्ठा, लाल जिलेटीन कागदाचा तुकडा आणि कणकेचा लिंबाएवढा गोळा. कणीक ग्लास काठावर बसवण्यासाठी.

जागा: रंग सावलीतच दिसतात

ग्लास जमिनीपासून साधारण पाऊण मीटर उंच हवा, त्याच्या खालच्या जमिनीवर सावली हवी आणि ग्लासच्या तोंडावर थेट ऊन हवं. या तिन्ही गोष्टी एकत्र देणाऱ्या जागा घरात दोन-तीनच असतात. पूर्वेच्या खिडकीचा कट्टा सर्वांत उत्तम, कारण खालची भिंतच सावली धरते. दुसरी चांगली जागा म्हणजे गच्चीचा किंवा माळवदाचा भरीव कठडा. कठड्याच्या आतल्या अंगाला जमिनीवर त्याचीच सावली असते. तिथे ग्लास आतल्या काठाला ठेवायचा, मुलांना जमिनीवरच बसवायचं आणि कठड्याजवळ फक्त मोठ्या माणसाने उभं राहायचं. ओसरीत टेबल मांडलं तर त्याच्या पायांमधून ऊन खाली शिरतं आणि रंग धुऊन जातात. म्हणून टेबलाच्या उन्हाकडच्या बाजूला जमिनीपर्यंत एखादी गोधडी सोडा.

उंची का लागते, हे समजून घेतलं की निम्म्या चुका टळतात. ग्लासातून बाहेर पडणारा झोत मुळातच जाड असतो. ग्लासच्या बाजूच्या पाच-सहा सेंटिमीटर उंचीतून ऊन बाहेर येतं. लाल आणि जांभळ्यातलं अंतर मात्र सुरुवातीला शून्य असतं आणि खाली जाता जाता वाढतं. कागद ग्लासच्या बुडाशीच धरला तर सगळे रंग एकमेकांवर पडून पांढरेच राहतात, फक्त एका कडेला तांबूस आणि दुसऱ्या कडेला निळसर झाक येते. पाऊण मीटर खाली गेल्यावर रंगांमधलं अंतर झोताच्या जाडीहून मोठं होतं आणि ते सुटे दिसतात.

खिडकीला डासांची जाळी असेल तर ती उघडा. साधी पारदर्शक काच बंद असली तरी चालतं, खडबडीत दुधी काच चालत नाही. समोरचा दरवाजा लावा, पंखा बंद करा.

एक मांडणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

डिसेंबरचा शेवट, परभणीतलं घर, पूर्वेची खिडकी, कट्टा जमिनीपासून ७५ सेंटिमीटर. सकाळचे साडेआठ. बाहेर अंगणात ३० सेंटिमीटरच्या पट्टीची सावली ८२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सूर्य साधारण २० अंशांवर.

कणकेचा गोळा कट्ट्याच्या आतल्या काठाजवळ चपटा दाबा आणि त्यावर रिकामा ग्लास पक्का बसवा. ग्लासची खोलीकडची बाजू काठाशी बरोबर जुळली पाहिजे. अनेक जण ग्लास काठाच्या बाहेर काढून ठेवतात. त्याची काही गरज नाही, रंग ग्लासच्या बाजूतून निघतात, बुडातून नाही. पण ग्लास काठापासून चार बोटं आत राहिला, तर जवळजवळ उभे खाली येणारे रंग कट्ट्यावरच पडतात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत.

आता तांब्याने हळूहळू पाणी भरा, तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर खाली येईपर्यंत. इथे हात आखडू नका. २० अंशांवरचं ऊन सात सेंटिमीटर रुंद तोंड ओलांडेपर्यंत अडीच सेंटिमीटर खाली उतरतं. पाणी तोंडापासून अडीच सेंटिमीटर खाली असेल, तर पाण्यावर मोकळं ऊन एक थेंबही पडत नाही, सगळं आधी ग्लासच्या गोल काचेतून गाळून येतं आणि वाकडंतिकडं होतं. ‘ग्लास भरलेला होता तरी जमलं नाही’ असं जिथे ऐकू येतं, तिथे तो बहुधा पाऊणच भरलेला असतो.

पाणी स्थिर झालं की खाली बघा. आणि कुठे बघायचं हे महत्त्वाचं आहे. खिडकीतून आलेलं थेट ऊन दोन मीटर लांब पडलेलं असतं आणि त्यात ग्लासची सावली, तिच्यात एक झगझगीत पांढरी पट्टी असते. सगळ्यांची नजर तिथे जाते. ती पट्टी म्हणजे गोल ग्लासने भिंगासारखं गोळा केलेलं ऊन, तिच्यात रंग नावालाच. खरे रंग भिंतीच्या पायथ्याजवळ, सावलीत असतात, ग्लासपासून साधारण एक वीत अंतरावर. कागद तिथे अंथरा.

या मांडणीत जांभळा ग्लासच्या बाजूपासून सुमारे २२ सेंटिमीटरवर आणि लाल सुमारे २७ सेंटिमीटरवर पडतो. पट्टा दोन-तीन बोटं रुंद. जांभळा भिंतीकडे, लाल खोलीकडे, कारण लाल सर्वांत कमी वाकतो आणि म्हणून लांब जातो. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून येतो, त्यामुळे रंग ग्लासच्या नाकासमोर पडत नाहीत. खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं तर ते थोडे डावीकडे असतात. ग्लासची सावली ज्या रेषेत पडते त्याच रेषेत शोधा. चौकोनी डबा असेल तर त्याची एक बाजू सावलीच्या दिशेला येईल असा तो वळवून घ्या.

आता कागद हलवू नका. लाल कडेवर आणि जांभळ्या कडेवर पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा. दर दहा मिनिटांनी हेच करा. सूर्य वर चढतो तसे रंग मागे, भिंतीकडे सरकतात. पावणेआठच्या सुमाराला, सूर्य १० अंशांवर असताना, लाल ३७ सेंटिमीटरवर होता आणि पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंद होता. नऊ वाजता, २५ अंशांवर, लाल १७ सेंटिमीटरवर येतो, जांभळा १० वर, म्हणजे पट्टा एकदम सात सेंटिमीटर रुंद होतो. शेवटी शेवटी तो सर्वांत रुंद असतो आणि सर्वांत फिकाही. सव्वानऊच्या आत जांभळ्या बाजूने पट्टा विझायला लागतो आणि शेवटी भिंतीच्या अगदी कडेला तांबूस रेघ उरते. रंग एकेक करून जाताना डोळ्यांसमोर दिसणं ही या प्रयोगातली सर्वांत सुंदर दहा मिनिटं आहेत, आणि ती फक्त थांबणाऱ्यालाच दिसतात.

रंग फिके आणि एकमेकांत मिसळलेले वाटले तर पुठ्ठ्यात दीड सेंटिमीटर रुंद आडवी चीर कापा आणि पुठ्ठा ग्लासच्या तोंडावर असा ठेवा की चीर उन्हाच्या दिशेला आडवी येईल. झोत बारीक होतो, रंग जास्त शुद्ध दिसतात, पण उजेड कमी होतो. म्हणून आधी खोली अंधारी करा आणि मगच चीर लावा. रंग नाचत असतील तर पाणी हलतंय. बहुतेक वेळा कुणीतरी कट्ट्याला टेकलेलं असतं.

उशीर झालाच तर

अकरा वाजता वर्ग हातात आला तर हात वर करायची गरज नाही. ग्लास तिरपा करा. पाणी कसंही धरलं तरी आडवंच राहतं, पण ग्लासची बाजू कलते आणि उन्हाला बाहेर पडायची वाट मोकळी होते. ग्लासचं तोंड सूर्यापासून लांब, खोलीच्या बाजूला झुकवायचं. १० अंश कलवला तर सूर्य ४५ अंशांपर्यंत असला तरी रंग येतात, १५ अंश कलवला तर पन्नाशीच्या पुढेही. डिसेंबरात अकरा वाजता परभणीत सूर्य ४२-४३ अंशांवर असतो, म्हणजे दहा-पंधरा अंश पुरतात. सहा सेंटिमीटर बुडाच्या ग्लासला उन्हाकडच्या बाजूने दीड सेंटिमीटर उचललं की झाले पंधरा अंश.

पाणी आता खोलीकडच्या खालच्या ओठाला टेकेल इतकंच भरायचं. सुरुवातीला ग्लास मोठ्या माणसाने हातात धरावा आणि अगदी सावकाश कलवत जावं. एका ठरावीक कलाला रंग एकदम कागदावर उतरतात. तो कल सापडला की कणकेत ग्लास तसाच दाबून बसवा. कल गरजेपुरताच ठेवा, जास्त कलवलं तर लाल-जांभळ्यातलं अंतर कमी होऊन पट्टा अरुंद होतो. वर रुंद आणि खाली निमुळता असलेला ग्लास याच कारणाने थोड्या उशिरापर्यंत चालतो, त्याची बाजू मुळातच कललेली असते.

मुलांसमोर

ग्लास, ऊन आणि काठ या तिन्हींची जबाबदारी मोठ्यांची. ग्लासातून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही, हे आधी सांगा आणि मुलांना भिंतीच्या सावलीत, नजर खाली कागदावर राहील अशी बसवा, म्हणजे तो प्रश्नच येत नाही. प्रयोग संपला की ग्लास कट्ट्यावर विसरू नका. पाण्याने भरलेला गोल ग्लास भिंगाचं काम करतो आणि जवळच्या पडद्याला किंवा कागदाला चटका देऊ शकतो.

तीन-चार वर्षांच्या मुलांना काहीही समजावू नका, रंग हातावर घेऊ द्या. कागद काढून घ्या आणि तळहात तिथे धरायला सांगा. लाल रंग बोटांवर आला की मूठ मिटून तो घेऊन जायचा प्रयत्न प्रत्येक मूल करतं. मूठ उघडल्यावर रंग नसतो, आणि पुढचा प्रश्न तिथूनच येतो.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना वाटतं की रंग पाण्यात आहेत, किंवा काचेत. हे त्यांच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, म्हणून ‘नाही’ म्हणण्याऐवजी तपासायला लावा.

“ताई, पाण्यात रंग टाकलाय का?”

“तू बोट बुडव बरं. लागला का रंग?”

“नाही लागला. पण ग्लास हलवला की रंग पण हलतोय!”

“आता मी पाणी काढून घेते. तू खाली बघ आणि सांग.”

पाणी काढलं की रंग जातात, भरलं की येतात. म्हणजे पाणी लागतं. आता ग्लास भरलेला ठेवून पुठ्ठ्याने ऊन अडवा. पाणी तेच, ग्लास तोच, रंग मात्र गेले. म्हणजे ऊनही लागतं. हे दोन्ही तीन-तीनदा करा, एकेका मुलाला पुठ्ठा धरू द्या. मग लाल जिलेटीन कागद ग्लासच्या तोंडावर धरा. जमिनीवर फक्त लाल पट्टी उरते, बाकीची जागा काळी पडते. लाल कागदाने उन्हातला लाल तेवढा आत सोडला, बाकीचे अडवले. रंग उन्हातच होते, पाण्याने ते फक्त वेगळे केले, हे मुलांना न सांगता कळतं. न्यूटनने १६७२ साली छापलेल्या लेखात हेच मांडलं होतं की लोलक पांढऱ्या उजेडाला रंग देत नाही, त्यातले असलेले रंग सुटे करतो. त्याने त्यासाठी एक सुटा रंग दुसऱ्या लोलकातून पाठवून तो बदलत नाही हे दाखवलं. बालवाडीत जिलेटीनचा कागद पुरतो.

‘तानापिहिनिपाजा’ शिकवायची घाई करू नका. कागदावर मुलांना चार-पाच रंगच दिसतात: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, आणि ऊन चांगलं असेल तर कडेला जांभळा. पारवा वेगळा काढून दाखवणं मोठ्यांनाही जमत नाही, कारण रंगांमध्ये रेघ नसतेच, एक दुसऱ्यात उतरत जातो. मूल चार म्हणालं तर चार लिहा. नुसतं पाठ करून सात म्हणणाऱ्यापेक्षा बघून चार म्हणणारं मूल जास्त नीट बघत असतं. मग त्याला खडूंचा ढीग द्या आणि प्रत्येक रंगाच्या जागी तसाच खडू ठेवायला सांगा. खडू ठेवताना मुलं आपसात भांडतात, ‘हा हिरवा नाही, हा पोपटी’. ते भांडण मोडू नका. सगळे खडू लागले की ‘तांबडा भिंतीकडे आहे की आपल्याकडे?’ एवढंच विचारा. दुसऱ्या दिवशी ग्लास ठेवण्याआधी त्यांनाच सांगू द्या की तांबडा कुठे पडेल.

सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘वाकणं’ दाखवायचं असेल तर त्याच ग्लासात पेन्सिल तिरकी ठेवा. ती पाण्याच्या पातळीवर मोडल्यासारखी दिसते. उजेड पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना असा वाकतो, लाल सर्वांत कमी, जांभळा सर्वांत जास्त. दोघांच्या वाकण्यातला फरक मुळात अगदी थोडा असतो, म्हणून तर ग्लास पाऊण मीटर उंच ठेवावा लागला.

एखादं मूल विचारतंच: आभाळातलं इंद्रधनुष्य असंच होतं का? ‘हो’ म्हणून मोकळं होऊ नका. रंग सुटे होण्याचं कारण तेच, पण वाट वेगळी. पावसाच्या गोल थेंबात ऊन शिरतं, मागच्या बाजूवर आपटून परततं आणि मग बाहेर येतं. म्हणून ते इंद्रधनुष्य सूर्याकडे पाठ केल्यावरच दिसतं. ग्लासात ऊन परत फिरत नाही, सरळ पलीकडे जातं. ग्लासच्या कमानीचा खरा जोडीदार आभाळात वेगळाच आहे. उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे सपाट षटकोनी स्फटिक असतात. तशाच बर्फाच्या स्फटिकांमुळे सूर्याला आणि चंद्राला खळं पडतं. अशा स्फटिकांच्या वरच्या बाजूने ऊन शिरून उभ्या बाजूने बाहेर पडलं, तर डोक्यावर, जवळजवळ मधोमध, उलट्या कमानीचं इंद्रधनुष्य दिसतं. त्यालाही सूर्य खालीच लागतो, ३२ अंशांच्या आत. सकाळी विरळ, पिंजलेले ढग असतील तर मुलांना अंगणात न्या, सूर्य घराच्या किंवा झाडाच्या आड राहील असं उभं करा आणि सरळ वर बघायला सांगा.

वेळा लिहिलेला कागद फेकू नका. त्यावर खिडकीचं नाव आणि तारीख घाला. फेब्रुवारीच्या शेवटी तोच कागद त्याच खुणेवर अंथरून साडेआठला लाल कडा कुठे येते ते बघा. सूर्य तोवर लवकर उगवून त्याच वेळी जास्त वर आलेला असेल, त्यामुळे ती डिसेंबरच्या रेघेच्या आत, भिंतीकडे पडेल. दिशाही बदललेली असेल. सूर्य पूर्वेकडे सरकल्यामुळे रंग आता ग्लासच्या जास्त समोर येतील.